दोन टप्प्यांची परीक्षा: गटाचे मार्क फक्त वाढवायला, मग मी मागे कसा पडलो?

बर्फातला कोल्हापूरकर
कॅनडात फर्स्ट इयरला आहे. फिजिक्सची मिडटर्म दोन टप्प्यांत झाली. आधी ३५ मिनिटं एकट्यानं पेपर. तो गोळा केला आणि चौघांचे गट करून बहुतेक तेच प्रश्न पुन्हा १५ मिनिटांत, चौघांत मिळून एकच उत्तरपत्रिका. एकट्याच्या मार्कांना ८५ टक्के वजन, गटाच्या मार्कांना १५. गटाचे मार्क कमी आले तर ते धरतच नाहीत, एकट्याचे पूर्ण धरतात. मला एकट्याला ८५, गटाला ८०, म्हणून माझे ८५ राहिले. रूममेटला ८३, त्याच्या गटाला ९८, त्याचे झाले ८५.२५. पेपर मी चांगला लिहिला आणि पुढे तो. हे बरोबर आहे का?

निळी शाई
तुझं गेलं काय पण? ८५ चे ८५ च आहेत. नियम केलाय तो यासाठीच, की गटामुळे कुणाचं वाटोळं होऊ नये. दुसऱ्याला दोन मार्क मिळाले म्हणून आपलं पोट कशाला दुखवून घ्यायचं?

निवृत्त मास्तर
३४ वर्षं गणित शिकवलं. पेपर म्हणजे ज्याचा त्यानं सोडवायचा. शेजाऱ्याच्या पेपरात डोकावलं तर आम्ही पेपर काढून घेत होतो, इथे शेजाऱ्याला खुर्ची देऊन बसवलंय! १५ टक्के असोत नाहीतर ५, जो मार्क मुलाच्या डोक्यातून आला नाही तो त्याच्या नावावर लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

दोन मुलांची आई
अगदी बरोबर, सर. माझ्या मुलाच्या ग्रुप प्रोजेक्टचं हेच झालं. रिपोर्ट यानं लिहिला, रात्री जागून मॉडेल यानं केलं आणि प्रेझेंटेशनच्या दिवशी इस्त्रीचे शर्ट घालून बाकीचे तिघं हजर. सगळ्यांना सारखे मार्क. हे गट प्रकरण बंदच करायला हवं.

चौथा बाक
ताई, प्रोजेक्टचं दुखणं वेगळं. इथे आयतोबाला एकट्याचा पेपर आधी द्यावाच लागतो आणि ८५ टक्के त्यावरच ठरतात. एकट्याला ३० मिळाले आणि गटाला ९० आले, तरी त्याचे होतात ३९. फुकटचे नऊ मिळाले हे खरं, पण बाकीच्यांच्या जिवावर ९० काही मिळत नाहीत.

मी पुण्याजवळच्या एका कॉलेजात तीन वर्षं ही पद्धत इंटर्नलला वापरतोय. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात विज्ञानाच्या वर्गांत ती बरीच रुळली आहे, मी तिथलीच उचलली. हिशेब सोपा आहे: गट तुझ्यापेक्षा जितका पुढे, त्या फरकाचा १५ टक्के हिस्सा तुला मिळतो. ४० वाल्याला ९० चा गट मिळाला तर साडेसात मार्क वाढतात, ८८ वाल्याला त्याच गटात फक्त ०.३.

आता निळी शाई यांच्या मुद्द्याकडे येतो. त्यांचं अर्धंच बरोबर आहे. या नियमामुळे कुणी खाली येत नाही, पण मागे पडू शकतो. ग्रेडच्या रेघा आधीच आखलेल्या असतील, म्हणजे ८० च्या वर अमुक, ७० च्या वर तमुक, तर रूममेटच्या ८५.२५ चा याच्याशी काही संबंध नाही. पण वर्गातल्या क्रमावर ग्रेड देत असाल, जसं आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी रिलेटिव्ह ग्रेडिंग चालतं, तर बाकीचे वर सरकले की हा जागच्या जागी राहूनही घसरतो. तिथे ‘कुणाचंच नुकसान नाही’ हे मुलांना सांगणं म्हणजे धूळफेक आहे. क्रमावर ग्रेड असेल तिथे ही परीक्षा घेऊच नये, असं मी आमच्या मीटिंगमध्ये बोललो होतो. चहा आला आणि विषय बदलला.

मला वेगळाच प्रश्न पडलाय. ८५ वाला गटात असताना गटाला ८० कसे?

बर्फातला कोल्हापूरकर
तेच तर सांगायचंय. लिफ्टचा प्रश्न होता: लिफ्ट वर चाललीय पण थांबत आलीय, तर दोराचा ताण तिच्या वजनापेक्षा जास्त की कमी? मी एकट्यानं ‘कमी’ लिहिलं होतं. गटातला एक जण छातीठोक म्हणाला, वर खेचतोय म्हणजे ताण जास्तच असणार. दोघांनी मान डोलावली. मी एकदा म्हटलं, मग गप्प बसलो. घड्याळात चार मिनिटं उरली होती.

चौथा बाक
हा प्रश्न मीही विचारतो आणि दर वर्षी कुठला तरी गट यात पडतो. वेग वरच्या दिशेला आहे, पण तो कमी होतोय, म्हणजे त्वरण खाली. त्यामुळे ताण वजनापेक्षा कमी. तुझंच बरोबर होतं.

असं झालं हे शिक्षकाला कळू शकतं. त्या एका प्रश्नाची चौघांची एकट्याची उत्तरं आणि गटाचं उत्तर शेजारी ठेवायचं. एकट्यानं दोघा-तिघांचं बरोबर आणि गटाचं चूक असेल, तर त्या बाकावर चर्चा न होता दादागिरी झाली. मी मग पुढच्या वेळी गट बदलतो आणि वेळ वाढवतो. १५ मिनिटांत सगळा पेपर पुन्हा म्हणजे घाई होते, मी निम्मेच प्रश्न ठेवतो, वाद होतील असे.

निवृत्त मास्तर
म्हणजे बरोबर असलेला पोरगा गप्प बसला आणि गटासोबत चूक लिहून आला. यातून तो काय शिकला?

चौथा बाक
त्या दिवशी, चुकीचंच शिकला असेल. पण सर, एरवी पेपर हातात पडेपर्यंत दोन आठवडे जातात आणि मुलं मार्क बघून तो दप्तरात कोंबतात. इथे स्वतःचं उत्तर डोक्यात ताजं असतानाच त्यावर भांडण होतं. त्याचा टिकाऊ फायदा होतो का, यावर एकमत नाही. २०१२ साली जीवशास्त्राच्या एका मोठ्या वर्गाचा अभ्यास आला, त्यात गटाचे मार्क वाढले पण पुढे लक्षात राहण्यात फरक दिसला नाही. २०१४ च्या ब्रिटिश कोलंबियातल्या अभ्यासात फरक दिसला. मी माझ्या वर्गावरून काही छाती ठोकून सांगणार नाही.

शून्य पॉइंट पाच
मला पासच्या रेघेबद्दल विचारायचंय. रेघ ४० ची आहे. एकट्याचे ३४, गटाचे ८०. ३४ चे ८५ टक्के २८.९, ८० चे १५ टक्के १२. बेरीज ४०.९. पास! सर म्हणतात ते इथे खरं आहे, हा मुलगा गटाच्या खांद्यावर बसून पलीकडे गेला.

चौथा बाक
हे खरंच दुखरं आहे. काही ठिकाणी अट घालतात: एकट्यानं पास, तरच गटाचे मार्क जोडायचे. मी घातली होती. मग ३४ वाली पोरं दुसऱ्या टप्प्याला नुसती बसून राहिली, कारण मार्क मिळणार नाहीत हे त्यांना आधीच कळलं होतं. ज्यांना चर्चेची सगळ्यात जास्त गरज तेच गप्प. पुढच्या वर्षी अट काढली. तेही मला पटलेलं नाही.

निळी शाई
मग फायनलला अट, मिडटर्मला नाही, असं करा की.

निवृत्त मास्तर
किंवा गटात बसवा, खुशाल भांडू द्या, पण मार्क शून्य ठेवा.

चौथा बाक
सर, मार्क नसतील तर अर्धा वर्ग कँटीनला जातो. तुम्हालाही माहितीये.

बर्फातला कोल्हापूरकर
आताच कोर्सचं माहितीपत्रक उघडून बघितलं. ग्रेडच्या रेघा आधीच ठरलेल्या आहेत, क्रमावर नाहीत. मिडटर्मचं एकूण वजन २० टक्के. म्हणजे रूममेट अंतिम मार्कांत माझ्यापुढे ०.०५ ने आहे आणि तिथे मार्क पूर्णांकात करतात. हे त्याला सांगितलं. तो म्हणतो, तरी आज भांडी तूच घासायची.