मदत हवी आहे: कॅफीनच्या अर्धायुष्याचा हिशोब कुठे कमी पडतो?

कॅफीनचं अर्धायुष्य निरोगी प्रौढात साधारण 5 तास धरतात. दुपारी 4 वाजता 200 मिग्रॅ घेतलं, तर रात्री 9 ला 100 आणि पहाटे 2 ला 50 मिग्रॅ उरतं. सूत्र सोपं आहे:

उरलेलं = 200 × (1/2)^(तास/5)

गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्या की यकृतातलं कॅफीन मोडणारं एन्झाइम मंदावतं आणि अर्धायुष्य जवळपास दुप्पट होतं. 10 तास धरले तर पहाटे 2 लाही 100 मिग्रॅ शिल्लक. दुसऱ्या दिवशी 4 वाजता आधीचे सुमारे 38 असतात, त्यावर नवे 200 चढतात. रोज घेत राहिल्यास घेतल्या घेतल्या आकडा 247 च्या आसपास स्थिरावतो. इथपर्यंत ठीक.

अडचण पुढे आहे. बहुतेक कॅफीनचं पॅराझँथिन होतं आणि तेही झोप उडवतं. म्हणजे फक्त कॅफीन मोजलं तर परिणाम कमी दिसणार. दोघांची नुसती बेरीज करणंही पटत नाही, कारण पॅराझँथिन आधी वाढतं, मग उतरतं.

शेवटचा कप किती वाजता घ्यावा हे ठरवायला पॅराझँथिन हिशोबात कसं धरता? की अर्धायुष्यच थोडं वाढवून काम भागतं? औषधशास्त्रातल्या जाणकारांनी कृपया सांगावं.