खर्च निम्मा-निम्मा, पण पाहुणे त्यांचे 550 आणि आमचे 200

थोरला भाऊ:
बहिणीचं लग्न ठरलंय. आम्ही पुण्याचे, मुलाकडचे खटाव तालुक्यातले. लग्न साताऱ्यात. बैठकीत त्यांनी आपणहून सांगितलं, "खर्च निम्मा-निम्मा." बाबा खूश झाले. आता आकडे आलेत: ताट 350 रुपये, माणसं 750, म्हणजे जेवणाचे 2,62,500. कार्यालय 1,60,000, स्टेज-सजावट 80,000, फोटो-व्हिडिओ 70,000, गुरुजी आणि किरकोळ 20,000, बँड-घोडा 60,000, त्यांच्याकडच्या शंभर जणांना फेटे 15,000. एकूण 6,67,500, निम्मे 3,33,750. पण 750 मधले 550 त्यांचे. बँड, घोडा, फेटे आमच्याकडे नसतातच. साखरपुडा आम्ही एकट्याने केला, त्याचे 85,000 वेगळेच. हे निम्मं न्याय्य आहे का? आणि नसेल तर आता बोलायचं कसं?

सुलभाताई:
अहो, मुलीकडच्यांकडून लग्नासाठी एक रुपया मागितला तरी तो हुंडाच. 1961 चा कायदा आहे. सरळ नाही म्हणा आणि असलं स्थळ सोडा.

थोरला भाऊ:
ताई, मागितलं कुणीच नाही. उलट निम्मा खर्च उचलायला ते स्वतः तयार झाले. आमचा प्रश्न वाटणीचा आहे.

कार्यालयवाले काका:
वीस वर्षं कार्यालय चालवतोय. निम्मं-निम्मं ऐकलं की मी दोन्हीकडच्या कर्त्या माणसांना आत बोलावून चहा पाजतो, कारण पुढचं भांडण मला आधीच दिसत असतं.

ताट डोईवर पडतं, ते ज्याचे पाहुणे त्याच्या नावावर. त्याला आणखी एक कारण आहे, ज्याबद्दल बैठकीत कुणी बोलत नाही. आहेराची पाकिटं ज्याची माणसं त्याच्याकडेच जातात. त्यांच्या 550 जणांचा आहेर त्यांच्या वहीत मांडला जाणार, तुमच्या नाही. मग ताट तरी तुम्ही निम्मं का भरायचं?

आता कार्यालय. लोक म्हणतात, जागा दोघांची, भाडं निम्मं. पण जागा एवढी मोठी का घेतली? तुमच्याइतकेच पाहुणे त्यांचेही असते, तर 400 माणसांचं कार्यालय पुरलं असतं. त्या भागात ते साधारण 90,000 ला मिळेल असं धरू. ते 90,000 दोघांचे, वरचे 70,000 ज्यांच्यामुळे मोठी जागा लागली त्यांचे. स्टेज, फोटो, गुरुजी निम्मे. बँड, घोडा, फेटे ज्यांची रीत त्यांचे.

मांडून बघा. तुमची ताटं 70,000, कार्यालयाचे 45,000, स्टेज-फोटो-गुरुजींचे 85,000, मिळून 2,00,000. त्यांच्याकडे 4,67,500.

थोरला भाऊ:
काका, 1,33,750 चा फरक! हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

माणदेशी गडी:
आता आमची बाजू ऐका. मी त्याच तालुक्यातला. तुम्हाला 550 म्हणजे हौस वाटती. आमच्याकडं आवतण चूलबंद असतं. घरात पाच माणसं असली तर पाची जेवायला येणार, त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटत नाही. ज्याच्या पोरीच्या लग्नात माझा बाप जेवला, त्याला मी कसा वगळू? ते 550 ही आम्ही काटछाट करून आणलेत, भावकीतलीच शंभर घरं आहेत.

दुसरं. ताट 350 चं कुणी ठरवलं? आमच्या गावात लापशी, भात, आमटी, वांग्याचं कालवण, वर बुंदी. सगळं मिळून 200 च्या वर जात नाही आणि लोक बोटं चाटतात. पुण्याच्या पाहुण्यांना बासुंदी, पनीर, दोन चटण्या आणि मुखवास पायजेल, म्हणून आमची 550 ताटं 350 ला गेली. आकडा आम्ही आणला ते मान्य. पण भाव कुणी आणला?

थोरला भाऊ:
… मेनू आत्याने ठरवला. त्यांनी एकदा "एवढं कशाला?" म्हटलं होतं खरं. आम्हाला वाटलं, संकोचाने म्हणतायत.

स्वयंपाकघरातून:
मग त्यांच्या माणसांना त्यांचा मेनू आणि तुमच्या माणसांना तुमचा, असं करा की.

कार्यालयवाले काका:
नका हो. एका मांडवात दोन प्रकारची ताटं म्हणजे पंक्तिप्रपंच. मुलाचा मामा लापशी खातोय आणि समोर मुलीचा काका बासुंदी, हे दृश्य वीस वर्षं लोक विसरत नाहीत. एकदा केटररने केलं होतं माझ्याकडे, विहिणी अजून बोलत नसतील.

पण माणदेशींचा मुद्दा मी सोडला होता, ती माझी चूक. भावातला फरक भाव वाढवणाऱ्याने सोसायचा. 550 ताटांवर 150 म्हणजे 82,500. ते तुमच्याकडे आले की तुमचे 2,82,500 आणि त्यांचे 3,85,000.

तिरकस:
एवढा हिशेब करून निम्म्यापासून 51,250 रुपये सरकलात. यात दोन विहिणींना पैठण्या येतील. बैठकीतच "चालेल" म्हणून पान खाल्लं असतं तर?

थोरला भाऊ:
51,250 माझ्या बाबांची दीड महिन्याची पेन्शन आहे.

तिरकस:
मागे घेतो.

न्यू जर्सीकर:
आमचं लग्न इथे कोर्टात झालं, नंतर रेस्टॉरंटमध्ये चाळीस माणसं, प्रत्येकाने आपापल्या माणसांचं बिल भरलं. एका संध्याकाळी आटोपलं. भारतात लोक उगीच 750 माणसं बोलावतात. नोंदणी विवाह करा, प्रश्नच मिटला.

माणदेशी गडी:
चाळीस माणसं? आमच्याकडं फक्त मुहूर्तमेढीला चाळीस असतात.

स्वयंपाकघरातून:
साखरपुड्याचं कुणीच बोलत नाही. ते 85,000 मुलीकडच्यांचे गेलेच की. सगळं जोडून मग वाटा ना.

माणदेशी गडी:
मग आमचं जागरण-गोंधळ, सत्यनारायण, दुसऱ्या दिवशीचं गावजेवण ते पण धरा. आमच्याकडं लग्न झाल्यावर खरा खर्च सुरू होतो. तुमचा साखरपुडा धरला तर आमचा गोंधळ धरावा लागंल.

स्वयंपाकघरातून:
गोंधळ तुमचा कुळाचार. साखरपुडा दोघांचा.

माणदेशी गडी:
साखरपुडा तुमच्या दारात, तुमच्या 90 माणसांत, आमची 30 माणसं. त्यातलं एक ताटही आम्ही मागून घेतलं नव्हतं.

कार्यालयवाले काका:
यावर मी पडत नाही. माझ्याकडे दोन्ही रीतींची लग्नं होतात. काही घरं साखरपुडा यजमानाचा मानतात, काही पहिल्या दिवसापासून एकच वही ठेवतात. बैठकीत साखरपुड्याचं नाव निघालं नसेल तर आता काढणं अवघड आहे. थोरल्या भावा, मी तुमच्या जागी असतो तर साखरपुडा सोडला असता आणि कार्यालयाचा मुद्दा धरला असता.

सुलभाताई:
मी आधी घाईने बोलले. पण एक सांगते, वकिलाकडे काम केलंय म्हणून. ठरलेली रक्कम "लग्नखर्चापोटी" म्हणून सासरच्यांच्या हातात रोख देऊ नका. हुंडा पुष्कळदा याच नावाखाली घेतात, आणि चांगल्या घरांमध्येही पुढे हे पैसे कशाचे होते यावर वाद उठतात. केटररला, कार्यालयाला, फोटोवाल्याला तुमच्या वाट्याचे पैसे तुम्हीच थेट द्या आणि पावती तुमच्या नावाची घ्या.

थोरला भाऊ:
हे उपयोगी आहे, ताई. पण बोलायचं कसं? बाबा म्हणतात, आता आकडा काढला तर "मुलीकडचे हिशेबी" असं नाव पडेल.

माणदेशी गडी:
आकडा काढू नका. याद काढा. आमच्याकडं पूर्वी बैठकीत कागदावर वर श्री काढून, कुंकवाचं बोट लावून लिहायचे: कुणी काय करायचं. रुपये लिहू नका, जबाबदाऱ्या लिहा. "जेवण ज्याचे पाहुणे त्यानं. वरात मुलाकडं. फोटो, स्टेज, गुरुजी निम्मं." त्यात लाज नाही, ही जुनी रीतच आहे. आणि आत्याला सांगा, बासुंदी सोडा. पनीर ठेवा, आमच्या पोरांना आवडतं. भाव 280 वर आला तर दोन्हीकडचं भांडण आपोआप कमी होतंय.

स्वयंपाकघरातून:
हे पटलं. बासुंदीवरून संसार मोडू नये.

थोरला भाऊ:
आत्या ऐकेल का माहीत नाही. पण याद चालेल बाबांना. काका, एक शंका. 550 सांगितलेत, पण चूलबंद म्हटल्यावर 700 आले तर? ती वाढीव ताटं कुणाची?

कार्यालयवाले काका:
खरा प्रश्न आता विचारलात. केटरर चार-पाच दिवस आधी हमीचा आकडा मागतो. कमी आले तरी तेवढ्यांचे पैसे द्यावे लागतात, जास्त आले तर ताटं मोजून वरचे. बुफेत मोजणी सोपी असते. सुरुवातीला रचलेली ताटं मोजायची, शेवटी कोरी उरलेली वजा करायची, आणि दोन्ही वेळा तुमचा एक माणूस उभा असला पाहिजे. नसला तर केटररच्या आकड्यावर कपाळाला हात. पण ताट कुणाच्या पाहुण्याने उचललं हे ताटावरून कळत नाही. त्यामुळे यादीत आधीच लिहा: हमीच्या वरची ताटं चूलबंद आवतण असेल त्या बाजूची. बँडवाले, फोटोवाले, गाड्यांचे ड्रायव्हर मिळून तीस-पस्तीस ताटं होतात, ती कुणीच धरत नाही आणि शेवटी सगळे एकमेकांकडे बघत बसतात. ती आधी मोजा.

आणि मुहूर्त कधीचा? वार कुठला?

थोरला भाऊ:
रविवार. दुपारी 12 वाजून 35 मिनिटं.

कार्यालयवाले काका:
सुट्टीचा दिवस आणि भर जेवणाची वेळ. मग 550 विसरा, 650 धरून चला.

माणदेशी गडी:
काका बरोबर बोलले. मी पण येतोय, वराचा चुलत मेहुणा लागतो मी. थोरले, कार्यालयात भेटू. ताट माझं मुलाकडं धरा.