शब्दचर्चा: ओव्हरटाइमचा ‘प्रीमियम’ म्हणजे हप्ता का?

मराठीकरू: शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या मालकांसाठी मी दोन पानी टिपण मराठीत करतोय. ओव्हरटाइम चालू ठेवायचा की दुसरी पाळी काढायची, असा त्यांचा विषय. मूळ टिपणात ‘ओव्हरटाइम प्रीमियम’ हा शब्द सात ठिकाणी आहे. मी पहिल्या झटक्यात ‘ओव्हरटाइम हप्ता’ लिहिलं, तर त्यांच्या मुनिमांनी कागद परत पाठवला, वर शेरा मारून: ‘हप्ता कुणाला द्यायचा?’ ‘अधिमूल्य’ घातलं तर शेअर बाजार आठवतो. तुम्ही काय म्हणता? शिवाय ‘शिफ्ट अलाउन्स’ आणि ‘फिक्स्ड ओव्हरहेड’ही आहेतच.

उद्यमनगर: ‘वरचे पैसे’ म्हणा की. आम्ही तसंच म्हणतो.

मराठीकरू: कागदावर ‘वरचे पैसे’ लिहिलं तर ऑडिटर वेगळाच अर्थ काढेल हो.

ऊसकरी: यात कठीण काय आहे? डबल म्हणजे डबल. माझे वडील साखर कारखान्यात होते. हंगामात तीन पाळ्या चालायच्या. रिलीव्हर आला नाही की वडील डबल मारून दुसऱ्या दिवशी सकाळी घरी यायचे, आई डबा परत उघडायची. कढईत भाकरीचे तुकडे परतत ठेवलेले असायचे, तेवढ्यात ते बसल्या जागी झोपलेले.

शिरोली_शॉपफ्लोर: ऊसकरी, वडिलांचं कौतुक आहेच, पण तुमची ‘डबल’ म्हणजे दोन पाळ्या सलग. इथली ‘डबल’ दराची आहे. आमच्याकडं पोरं पण हाच घोळ करतात. ‘काल डबल लागली’ म्हणजे ड्युटी लागली की रेट लागला, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

जमाखर्च: मुद्दा शब्दाचा असला तरी तो हिशेबातून सुटेल. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने जादा तासाला साधारण दराच्या दुप्पट मजुरी ठरवली आणि नव्या कामगार संहितेतही दर दुप्पटच राहिला. समजा ऑपरेटरचा तासाचा दर १०० रुपये. ओव्हरटाइमच्या तासाला २०० द्यावे लागतात. या २०० मधले १०० म्हणजे साधी मजुरी, ती कुठल्याही तासाला द्यावीच लागली असती. प्रीमियम म्हणतात तो फक्त वरच्या १०० ला. ‘जादा कामाचे पैसे’ म्हटलं तर वाचणारा पूर्ण २०० समजतो आणि तिथेच तुलना बिघडते.

माझी सूचना ‘वाढीव भाग’. दिसायला साधा आहे, पण भाग आहे हे त्यात दिसतं. दोन भाग वेगळे धरण्याचं आणखी एक कारण आहे. ग्राहकानेच ‘शुक्रवारी माल हवा’ म्हणून घाई लावली असेल, तर वाढीव भाग त्याच्या जॉबवर टाकायचा. घाई कुणाचीच नसेल, नुसतं काम साठलं असेल, तर तो ओव्हरहेडमध्ये जातो आणि सगळ्या जॉबवर पसरतो. संध्याकाळी सहानंतर मशीनवर चढलेल्या कास्टिंगचं बिचाऱ्याचं काय चुकलं?

उद्यमनगर: पण दुसरी पाळी काढली की ओव्हरहेड निम्म्यावर येतो ना? शेडचं भाडं तेवढंच, मशीनचा हप्ता तेवढाच. (बघा, इथं हप्ता बरोबर बसला.) मग विचार कशाला करायचा?

जमाखर्च: अर्धं बरोबर. दर तासाला येणारा वाटा कमी होतो हे खरं. पण तो ओव्हरटाइमनेही तसाच कमी होतो, कारण भाडं तेच राहून तास वाढले. दोन्ही बाजूंना सारखं असणारं वजन तराजूत टाकून काय होणार? मोजायचा तो दुसऱ्या पाळीसाठी नव्याने उभा राहणारा खर्च: तिथला सुपरवायझर, वॉचमनचे जादा तास, दिवे, कॉम्प्रेसर, चहा-नाष्टा. म्हणून ‘स्थिर वरखर्च’ हा एकच शब्द दोन्हींना वापरू नका. ‘आधीपासून चालू असलेला स्थिर खर्च’ आणि ‘पाळीमुळे सुरू होणारा स्थिर खर्च’ असं लांबलचक लिहा. आणि ‘वरखर्च’ म्हटलं की मला पोराला दिलेले खिशातले पैसे आठवतात, ती माझी खोड.

मराठीकरू: आकड्यांनी दाखवाल का?

जमाखर्च: दाखवतो, आकडे समजुतीसाठी घेतलेत. पाळी भत्ता माणशी ८० रुपये रोज, आठ तासांना, म्हणजे तासाला १०. दुसऱ्या पाळीचा तास ११० ला पडतो, ओव्हरटाइमचा २०० ला. तासाला ९० वाचले. पाळीचा नवा स्थिर खर्च महिन्याला ४५,००० धरा. ४५,००० भागिले ९० म्हणजे ५०० तास. महिन्याला ५०० हून जास्त जादा तास लागत असतील तर पाळी परवडते, कमी असतील तर ओव्हरटाइम.

शिरोली_शॉपफ्लोर: कागदावर बरोबर, शॉपवर नाही. माणूस तासावर मिळत नाही, पाळीवर मिळतो. २६ दिवस गुणिले ८, एका माणसाचे २०८ तास. ५०० तासांना अडीच माणूस लागतो, पण अडीच माणूस ठेवता येत नाही, तीन ठेवायचे. तिघांचे ६२४ तास ११० ने ६८,६४०, वर ४५,०००, म्हणजे १,१३,६४०. एवढ्यात ओव्हरटाइमचे ५६८ तास होतात. तेव्हा रेषा ५०० वर नाही, ५६८ च्या आसपास आहे. मधल्या पट्ट्यात पाळी काढणारा महिनाभर काम शोधत बसतो. मी एका ठिकाणी हे बघितलंय, तिसरा माणूस रोज रात्री नऊनंतर फिक्स्चर पुसत बसायचा.

दुसऱ्या बाजूनेही एक भिंत आहे. ओव्हरटाइमला तिमाहीची मर्यादा असते. १९४८ च्या मूळ कायद्यात ५० तास होती, पुढे वाढत गेली. पंधरा ऑपरेटरांवर ५६८ तास वाटले तर माणशी महिन्याला ३८, तिमाहीला ११४. आज लागू असलेला आकडा बघूनच हे बसवा. आणि संध्याकाळी पाच ते सात पीस किती निघतात ते मोजा. दिवसा तासाला सहा निघत असतील आणि जादा तासात पाचच, तर पीसमागची मजुरी ३३ ची ४० होते. रिजेक्शन त्यात धरलेलंच नाही.

ऊसकरी: म्हणजे वडिलांना रात्री दमल्यावर जी मजुरी मिळायची ती महाग होती असं म्हणताय?

शिरोली_शॉपफ्लोर: वडिलांना नव्हे, कारखान्याला.

मराठीकरू: ‘पाळी भत्ता’ बसला. ‘वाढीव भाग’ घेतो. एक शंका राहिली. कायद्यात ‘साधारण दर’ म्हणजे मूळ पगार अधिक भत्ते. मग दुसऱ्या पाळीतल्या माणसाने तिथेच दोन तास जादा केले, तर दुपटीत पाळी भत्ता धरायचा का?

जमाखर्च: १९४८ च्या अधिनियमात बोनस आणि ओव्हरटाइमची मजुरी सोडून कामगाराला देय असलेले भत्ते धरा असं म्हटलं होतं, म्हणून मी धरला असता. नव्या संहितेतली वेतनाची व्याख्या वेगळी बांधलेली आहे, तिथे माझं मत अजून डळमळीत आहे. मालकांना सांगा, टिपणात तुलना दोन्ही तऱ्हेने मांडा.

उद्यमनगर: आमच्या शेठनी तर दुप्पट फक्त मूळ पगारावर धरली. आणि भिंतीवर फळ्यावर लिहिलंय, ‘ओटी डबल’.

शिरोली_शॉपफ्लोर: मग फळ्यावर ‘डबल’च्या आधी ‘कशाची’ एवढा शब्द लिहायला सांगा, भावा.