रीझनिंग राउंडसाठी टीपीओ सरांना मेल कसा लिहू? (मदत हवी आहे)

शेवटचं_सेम: पुढच्या आठवड्यात ड्राइव्ह आहे. टीपीओ सरांना "सर, प्लीज रीझनिंगचं मटेरियल पाठवा" असा मेल केला, उत्तरच नाही. कसा लिहू म्हणजे उत्तर येईल? आजच पाठवायचाय.

नाशिककर: कुठली कंपनी? ब्रँच? रीझनिंगमधलं नेमकं काय अडतंय?

पीओ_दादा: मेलबिल सोड. बँकेच्या परीक्षांचे पझल सेट घे, रोज सोडव. माझं त्यावरच झालं.

शेवटचं_सेम: ईएनटीसी. एनक्यूटीसारखी टेस्ट आहे म्हणे. सीटिंग अरेंजमेंट सुटतं, डेटा सफिशियन्सीत मार्क जातात.

माजी_समन्वयक: मग पीओ दादांचा सल्ला अर्धाच लागू पडतो. पझलला वेग येईल, पण तुझी अडचण वेगळी आहे. हे बघ: x धन आहे का? पहिलं विधान x² = 9, दुसरं x³ = 27. पहिल्यावरून x 3 किंवा −3, म्हणजे ते पुरत नाही. दुसऱ्यावरून 3 च. उत्तर "फक्त दुसरं". पण दुसरं वाचून 3 डोक्यात बसला की पहिलंही पुरेसं वाटायला लागतं आणि पोरं "कुठलंही एक" वर टिक करतात. दुसरं विधान हाताने झाकून पहिलं तपास, मग उलट कर.

पीओ_दादा: डेटा सफिशियन्सी बँकेलाही असते हो!

माजी_समन्वयक: असते, पण तुम्ही पझल सेट म्हणालात. आता मेलचं. मी प्लेसमेंट सेलमध्ये होतो. कंपनीचा पेपर टीपीओकडे नसतो, त्यामुळे नुसतं "मटेरियल पाठवा" म्हटलं की काय पाठवायचं हेच कळत नाही. आमच्याकडे कॉलेजने घेतलेल्या सराव टेस्टचं लॉगिन असायचं आणि सीनियर्सनी टेस्टनंतर आठवून लिहून दिलेले प्रश्न. तेच माग. असं लिही, इंग्रजीत कर:

"विषय: ईएनटीसी, अंतिम वर्ष – डेटा सफिशियन्सीच्या सराव टेस्टबाबत
सर, पुढच्या आठवड्यातल्या ड्राइव्हला मी बसतो आहे. डेटा सफिशियन्सीत माझे मार्क जातात. सराव टेस्टचं लॉगिन आणि गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी नोंदवलेले प्रश्न मिळतील का? को-ऑर्डिनेटरकडे असतील तर त्यांच्याकडून घेतो."

खाली नाव, रोल नंबर, मोबाइल.

सीव्ही_वाली: सीव्हीवर फोटो लावायचा की नाही? माझा त्यामुळेच रिजेक्ट झाला बहुतेक.

नाशिककर: ताई, वेगळा धागा काढा. मला विचाराल तर मेल नकोच, सरळ केबिनमध्ये जा. ड्राइव्हच्या दिवसांत मेल कोण उघडतं?

माजी_समन्वयक: केबिनमध्ये "बघतो" म्हणतात आणि विसरतात. मेल को-ऑर्डिनेटरला फॉरवर्ड तरी होतो.

शेवटचं_सेम: सर आठवड्यातून एकदाच आमच्या कॅम्पसला येतात. मेल केला, को-ऑर्डिनेटरला सीसीत ठेवलं. ती म्हणते लॉगिनची मुदत संपली, सीनियर्सचे प्रश्न रात्री पाठवते. लॉगिन पुन्हा चालू करायला कोणाला सांगायचं?