मदत हवी आहे: मिरची-हळद पावडर युनिटचा प्रोजेक्ट रिपोर्ट बँकेने परत केला

पाटा_वरवंटा:
मेहुण्याला तालुक्याच्या गावी मिरची-हळद दळून पॅकिंग करायचं युनिट टाकायचं आहे. रिपोर्ट बाहेरून करून घेतला. मशीन ताशी 20 किलोचं, 8 तास, वर्षाला 300 दिवस. पहिल्या वर्षी 60 टक्के क्षमता, दर किलोला 200 रुपये, म्हणून विक्री 57.60 लाख. मशिनरी 4.50 लाख, वायरिंग आणि शेडचं काम 1 लाख, खेळतं भांडवल 1.50 लाख. शाखेने "विक्री व खेळते भांडवल यांचा मेळ नाही" एवढाच शेरा मारून फाइल परत दिली. म्हणजे नक्की काय बदलायचं?

जमाखर्च:
काही बदलू नका, विक्री अजून वाढवा. डीएससीआर, म्हणजे वर्षाची कमाई कर्जाच्या हप्ता-व्याजाच्या किती पट आहे तो आकडा, दोनच्या वर गेला की फाइल पास होते. बँक शेवटी तोच आकडा बघते.

कर्जविभाग_निवृत्त:
डीएससीआर बघतात हे खरं, पण तो ज्या विक्रीवर उभा आहे ती आधी तपासतात. 57.60 लाखांची विक्री दीड लाखात करायची तर पैसा वर्षातून 38 वेळा फिरायला हवा, म्हणजे साडेनऊ दिवसांत मिरची घेतली, दळली, विकली आणि दुकानदाराकडून वसूलही झाली. मिरचीची खरेदी हंगामात होते आणि दुकानदार उधारी मागतो, त्यामुळे हे कोणालाच पटणार नाही. लहान उद्योगाला बँका साधारण वार्षिक विक्रीच्या 25 टक्के भांडवल धरतात. त्यातले 20 टक्के बँक देते, 5 टक्के आपले. त्या हिशोबाने तुमच्या रिपोर्टला 14.40 लाख लागतात.

शिवाय मालाची विक्री 40 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख नसेल तर विक्री केवळ कागदावर फुगवली आहे हे लगेच कळतं.

रसवंती_२:
सबसिडी किती मिळेल हो? माझा पीएमईजीपीचा अर्ज आहे, ग्रामीण भाग, सर्वसाधारण प्रवर्ग.

कर्जविभाग_निवृत्त:
25 टक्के, पण ती हातात येत नाही. तीन वर्षं कर्जखात्याच्या नावे ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळती होते. वेगळा धागा काढा, इथे मिसळून जाईल.

पाटा_वरवंटा, स्वतःचा माल आणि लोकांचं दळण वेगळं दाखवा. समजा स्वतःची पावडर 6,000 किलो, 200 रुपयांनी 12 लाख. दळण 20,000 किलो, 15 रुपयांनी 3 लाख. हा दर तुमच्या गावचा घाला. मिळून 26,000 किलो, म्हणजे 48,000 किलो क्षमतेच्या 54 टक्के. विक्री 15 लाख, भांडवल 3.75 लाख, त्यात कॅश क्रेडिट 3 लाख. मशिनरी व कामाच्या 5.50 लाखांवर 20 टक्के मार्जिन धरलं तर मुदत कर्ज 4.40 लाख. आपल्या खिशातून 1.10 आणि 0.75, एकूण 1.85 लाख लागतील. ते बँक स्टेटमेंटमध्ये दिसले पाहिजेत.

पाटा_वरवंटा:
मग डीएससीआर कोसळणार नाही का?

कर्जविभाग_निवृत्त:
नाही. पाच वर्षं मुदत, त्यात पहिले सहा महिने हप्ता नाही, व्याज 11 टक्के धरा. दुसऱ्या वर्षी मुद्दल सुमारे 98 हजार, व्याज 38 हजार, मिळून 1.36 लाख. नफा 1.10 लाख, घसारा 57 हजार आणि तेच 38 हजार व्याज मिळवलं की 2.05 लाख. भागाकार दीड येतो, आणि तो पुरेसा आहे. अनेक रिपोर्टमध्ये घसारा मिळवायचाच राहतो आणि मग कमी पडलेला आकडा भरून काढायला विक्री फुगवतात.

जमाखर्च:
घसाऱ्याचं मान्य. पण घरखर्चाची उचल वजा केली नाहीत. मालक महिन्याला दहा हजार काढणारच, की हाती उरतात 85 हजार. हप्ता कुठून भरणार?

कर्जविभाग_निवृत्त:
मुद्दा रास्त आहे. काही शाखा उचल वजा करूनच बघतात, काही घरातलं दुसरं उत्पन्न दाखवलं की सोडून देतात. शेती किंवा पगार असेल तर सातबारा किंवा पगारपत्रक जोडा.

तीन_फेज:
कोटेशनही बघा. त्यावर पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, मॉडेल, ताशी क्षमता, मोटरचा एचपी आणि बँक खातं हवं, कारण मशीनचे पैसे बँक थेट त्याला देते. रिपोर्टमध्ये 20 किलो आणि कोटेशनमध्ये 30 असेल तर फाइल पुन्हा परत येईल. मोटर 5 एचपीची असेल आणि जोडलेलं वीजबिल घरगुती सिंगल फेजचं, तर वाढीव भाराचा अर्ज सोबत लावा. जागा भाड्याची असल्यास करार कर्जाच्या मुदतीइतका तरी असावा; अकरा महिन्यांच्या करारावर पाच वर्षांचं कर्ज अडतं. उद्यम नोंदणीत आणि अन्न परवान्याच्या अर्जात पत्ता अगदी तोच ठेवा.

पाटा_वरवंटा:
करार अकराच महिन्यांचा आहे, आणि मालक नोंदणीकृत करायला तयार नाही. त्याचं संमतीपत्र चालेल का?

तीन_फेज:
ते शाखेवर आहे. मशीन उचलून दुसरीकडे नेता येतं म्हणून काही मॅनेजर ऐकतात. आधी तोंडी विचारा, मगच रिपोर्ट छापा.