मदत हवी: सशाला दिवसभर वाळलं गवतच का लागतं? (कोल्हापूर)

राजारामपुरीकर: ससा दीडेक वर्षाचा आहे, पेलेट, गाजर, चपाती सगळं खायचा. आता पेलेट तोंडात घेतो आणि तसंच खाली टाकतो, हनुवटी ओली असते, लेंड्या बारक्या आणि कमी झाल्यात. पुढचे दात बघितले, सरळ आहेत. सगळे म्हणतात वाळलं गवत सारखं पुढ्यात ठेव, पण पेलेटमध्ये पण फायबर असतंय की, मग गवतानंच असं काय होतंय?

पन्हाळावाला: ससा उंदराच्याच जातीतला, दात वाढतच राहतात. लाकडाचा तुकडा टाका, कुरतडून झिजवतोय.

वैरण_आणि_ससे: लाकडानं झिजले तर पुढचे झिजतील, यांची अडचण मागं दिसतीय. आणि ससा उंदराच्या गटातला नाही, त्याला वरच्या पुढच्या दातांच्या मागं अजून दोन बारके दात असतात. उंदराच्या, हॅमस्टरच्या दाढा एकदा आल्या की वाढत नाहीत, सशाच्या दाढा आयुष्यभर वाढतात. लांब गवत चावताना जबडा जात्यासारखा आडवा फिरतो म्हणून त्या झिजतात, पेलेट नुसता दाबला की फुटतोय. मग खालच्या दाढांना जिभेकडं टोकं येतात, जीभ कापते, म्हणून लाळ आणि घास टाकणं. हे ओठ वर करून दिसत नाही, डॉक्टर आत लाइट घालून बघतात. घरात नेलकटर लावू नका, दात उभा चिरतो.

गिनीपिगची_आई: आमच्या गिनीपिगचं पण असंच झालेलं! तो तर उंदराच्या गटातला ना?

वैरण_आणि_ससे: हो ताई, पण त्याच्या दाढा पण वाढतात, त्यालाही गवत पाहिजेच. आता पोटाचं. गवताचा लांब धागा सशाला फारसा पचतच नाही, तो कडक लेंडी होऊन बाहेर पडतो, पण त्याच्यामुळं आतडं हलत राहतं. बारीक कण मात्र मागं वळून आंधळ्या आतड्यात जातात, तिथं आंबतात, आणि त्याच्या मऊ लेंड्या ससा स्वतःच खातो. पेलेटमधला फायबर दळलेला, त्यानं हे हलवायचं काम नीट होत नाही. चपातीनं तर आतले जंतू बिघडतात, गॅस धरतो. उंदराला दाणे चपाती चालून जाते, म्हणून लोक फसतात.

राजारामपुरीकर: मग आता गवत सुरू करू? की डॉक्टरकडं न्यायच्या आधी उपाशी ठेवू?

वैरण_आणि_ससे: उपाशी अजिबात नको, भूल द्यायची असली तरी नको, सशाला उलटी होत नाही आणि रिकामं आतडं थांबतंय. गवत ठेवा, पण टोकं असतील तर दुखतंय म्हणून तो खाणारच नाही, आधी दाढा घासून घ्याव्या लागतील. आजच सशांची सवय असलेल्या डॉक्टरला दाखवा, दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही तर रात्र असली तरी उचलून न्या.

पन्हाळावाला: आमच्याकडं भाताचं पिंजर ढिगानं आहे, येऊन घेऊन जा की.

वैरण_आणि_ससे: पिंजर दाताला चालतंय, पण त्यात कस नाही, नुसत्या त्याच्यावर ठेवू नका. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम फार. बुरशीचा वास आला तर कुठलंच गवत नको.

गिनीपिगची_आई: हत्तीगवत वाळवून कुणी दिलंय का? माझा तर पानं खातो, देठ सोडतो.