रविवारी टाक्यांची सफाई: सकाळी १० ते दुपारी ३ पाणी बंद

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. रविवार, १४ जून रोजी बी विंगची जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची पिण्याच्या पाण्याची टाकी धुण्यात येणार असल्यामुळे सकाळी १०.०० ते दुपारी ३.०० या वेळेत नळांना पाणी येणार नाही. खालच्या टाकीचे काम सकाळी ७ वाजता सुरू होईल. मात्र आदल्या रात्री भरून ठेवलेली वरची २०,००० लिटरची टाकी १० वाजेपर्यंत आपल्याला पाणी देत राहील. १० वाजता उरलेले पाणी उपसून टाकावेच लागणार आहे, त्यामुळे लागेल तेवढे पाणी निःसंकोच भरून ठेवावे. फक्त सर्वांनी साडेनऊची वेळ गाठू नये, कारण चाळीस घरांचे नळ एकदम सुटले की वरच्या मजल्यांवर धार उरत नाही. फ्लशची आणि अग्निशमनाची टाकी वेगळी असून त्यांना या दिवशी हात लावला जाणार नाही.

बी-७०४: सचिवसाहेब, गच्चीवरची टाकी साडेबारापर्यंत धुऊन होते असे गेल्या वर्षी पाहिले होते. मग अर्धी टाकी भरताच, म्हणजे दोनच्या सुमारास, पाणी सोडता येणार नाही का? आमच्याकडे दुपारी पाहुणे आहेत.

सचिव: ताई, आपली अडचण समजते, पण हिशेब पाहावा. साडेबाराला घासणे संपले की भिंतींवर क्लोरीनचे द्रावण मारून अर्धा तास थांबावे लागते, त्यानंतर दीड वाजेपर्यंत टाकी दोनदा खंगाळून ते पाणी बाहेर काढावे लागते. आपला पंप मिनिटाला साधारण २५० लिटर पाणी चढवतो, म्हणजे २०,००० लिटरला ८० मिनिटे लागतात आणि टाकी २.५० ला भरते. अर्ध्या टाकीवर व्हॉल्व्ह उघडला, तर रिकाम्या पाइपांत आणि सर्वांच्या बादल्यांत ते पाणी लगेच संपेल, लाइनमध्ये हवा अडकेल आणि सर्वांत आधी आपल्याच सातव्या मजल्याचे नळ फुसफुसू लागतील.

बी-२०१: पाणी तर स्वच्छ दिसते. दर सहा महिन्यांनी एवढा खटाटोप खरोखर आवश्यक आहे का?

सचिव: नळाचे पाणी टाकीच्या तळापासून थोड्या उंचीवरून येते, त्यामुळे तळाचा गाळ आपल्याला दिसत नाही. मागच्या वेळी खालच्या टाकीत चार बोटे गाळ होता, आणि वरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपची जाळी फाटल्यामुळे आत कबुतरांची पिसे सापडली होती. या वेळी जाळी आणि झाकणाचे रबर दोन्ही बदलणार आहोत.

बी-३०३: मी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मागच्या वेळच्या ठेकेदाराने कामगाराला एकट्याला खालच्या टाकीत उतरवून आतच ब्लीचिंग पावडर कालवायला लावली होती आणि त्याला घेरी आली होती. बंद टाकीत क्लोरीनचा वायू कोंडतो आणि प्राणवायूही कमी असू शकतो. या वेळी झाकण आधी तासभर उघडे ठेवावे, ब्लोअरने हवा सोडावी, द्रावण बाहेर तयार करावे, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि तोंडाशी एक माणूस पूर्ण वेळ उभा असावा.

सचिव: काका, या सर्व अटी कामाच्या पत्रात लिहून घेतल्या आहेत. सातला काम सुरू होताना आपण स्वतः उपस्थित राहिलात तर फार बरे होईल.

बी-५०२: गीझर आणि पाण्याच्या फिल्टरचे काय करावे? घरात आठ महिन्यांचे बाळ आहे.

बी-३०३: दहाच्या आधी गीझरचे बटण बंद करावे. लाइन रिकामी झाल्यावर गीझरमधील झडप नादुरुस्त असेल तर त्यातले पाणी मागे उतरते आणि कोरडे कॉइल जळते. फिल्टरची तोटीही बंद ठेवावी. तीननंतर आधी बाथरूमचा खालचा नळ हळूहळू उघडावा. सुरुवातीला हवा आणि थोडे गढूळ पाणी येईल, ते बादलीत धरून फरशीला वापरावे. धार नितळ झाल्यावरच फिल्टर आणि वॉशिंग मशीन सुरू करावे. बाळाचे पाणी सकाळीच उकळून झाकून ठेवा.

सचिव: बाहेर जाणाऱ्यांनी सर्व नळ बंद असल्याची खात्री करावी. पाणी नसताना उघडा राहिलेला नळ तीन वाजता आपोआप वाहू लागतो आणि खालच्या घराचे छत भिजते.

बी-७०४: आणि महापालिकेचे पाणी कमी दाबाने आले तर?

सचिव: ते ११ वाजता येते. १ वाजता खालच्या टाकीत पुरेसे पाणी नसेल, तर १०,००० लिटरचे दोन टँकर सांगून ठेवले आहेत. तसे झाल्यास नवी वेळ येथे लगेच कळवीन. व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी पाण्यातील क्लोरीन तपासले जाईल. ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असले पाहिजे आणि उग्र वास येता कामा नये.

बी-३०३: तपासणीचा संच माझ्याकडे आहे. २.५० ला गच्चीवर येतो, किल्ली वॉचमनकडे ठेवावी.